पावसातल्या पायपिटीसाठी जलरोधक मोजे की पडद्याचे बूट: निवड कशी करावी

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या रानात पावसाळ्यात चालायला गेलेल्या माणसाला पाणी तीन वाटांनी गाठते. वरून पाऊस असतो, बाजूने गुडघाभर वाढलेले ओले गवत असते आणि खालून पुन्हापुन्हा ओलांडावे लागणारे ओढे असतात. पाय कोरडे ठेवण्यासाठी बाजारात दोन उपाय मिळतात. एक म्हणजे आत जलरोधक पडदा शिवलेले बूट, आणि दुसरा म्हणजे साध्या जाळीदार बुटांत घालायचे जलरोधक मोजे. दोन्हींत वापरलेले तत्त्व जवळपास सारखे असले, तरी ते निकामी होण्याच्या पद्धती अगदी वेगळ्या आहेत, आणि खरी निवड तिथेच होते.

आधी पडदा काय करतो ते पाहू. १९६९ साली बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचे प्लॅस्टिक झटक्याने ताणले आणि त्यातून अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार झाला. गोर-टेक्स या नावाने तो ओळखला जातो. या छिद्रांतून पाण्याचा थेंब जात नाही, पण घामाची वाफ जाते. पुष्कळ मोज्यांत मात्र पॉलियुरेथेनचा छिद्रे नसलेला पडदा असतो. तो वाफ आतल्या बाजूने शोषून घेतो आणि बाहेरच्या बाजूने सोडतो. प्रकार कोणताही असला, तरी आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार आणि दमट असेल तरच वाफ बाहेर पडते. ऑगस्टमध्ये बाहेरचीच हवा इतकी दमट आणि कोमट असते की वाफेला बाहेर जाण्याचे फारसे कारण उरत नाही. म्हणून पावसाळ्यात ‘श्वास घेणारा’ हा वेष्टनावरचा शब्द अर्ध्या किमतीचा धरावा. हिवाळ्यात, धुळ्याकडे पारा दहा अंशांच्या आसपास आलेला असताना, तोच पडदा चांगले काम करतो.

पहिली पायरी: वाटेवरचे पाणी पायावर मोजावे

वाट माहीत असेल तर सर्वांत खोल ओढ्याचे पाणी पायाच्या कोणत्या भागाला लागते ते आठवावे, आणि माहीत नसेल तर गावातल्या गुराख्याला विचारावे. तो सेंटिमीटर सांगत नाही, पण घोटा, पोटरी, गुडघा अचूक सांगतो. आता घरात बूट घालून उभे राहावे आणि बुटाची जीभ दोन्ही बाजूंना कुठवर शिवलेली आहे ते पाहावे. बुटाची खरी जलरोधक उंची तिथे संपते. त्यावरचा भाग केवळ शोभेचा असतो. चालताना पाणी उसळते म्हणून या उंचीतून दोन बोटे वजा करावीत. मोज्यांसाठी वरच्या काठापासून चार बोटे वजा करावीत, कारण मोजा चालताना खाली घसरतो.

पाणी बुटाच्या रेषेखाली राहणार असेल तर दोन्ही पर्याय चालतात. ते बुटाच्या रेषेवर पण मोज्याच्या रेषेखाली येणार असेल तर मोजे घ्यावेत. दोन्ही रेषा बुडणार असतील तर या खरेदीचा उपयोग नाही. तिथे पाणी निथळून जाणारे साधे बूट आणि लोकरीचे मोजे बरे. डोंगरातला ओढा गढूळ होऊन चढू लागला असेल, तर अर्थातच तो ओलांडूच नये.

दुसरी पायरी: दोघे कसे निकामी होतात ते समजून घ्यावे

मागच्या ऑगस्टमधला प्रसंग सांगतो. पाटणादेवीहून आत जाणाऱ्या वाटेवर आम्ही दोघे होतो. माझ्या पायात घोट्यापर्यंतचे पडद्याचे बूट होते आणि सोबत्याच्या पायात पोटरीपर्यंतचे जलरोधक मोजे आणि जुने जाळीचे बूट. पहिले तीन ओढे घोट्याखालचे होते. माझे पाय कोरडे राहिले. त्याच्या बुटांत पाणी खळखळत होते, पण मोज्याआड पाय कोरडाच होता. चौथ्या ओढ्याच्या काठावर शेळ्या घेऊन उभा असलेला मुलगा मला म्हणाला, “बूट हातमा ल्या, भाऊ.” मी ऐकले नाही. पाणी पोटरीला लागले, माझ्या बुटांत वरून शिरले आणि तिथेच राहिले. जो पडदा बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, तोच आतले पाणी बाहेरही जाऊ देत नाही, म्हणून भरलेला बूट तांब्यासारखा पाणी धरून ठेवतो. मी ते ओतले आणि मोजे पिळले, तरी संध्याकाळपर्यंत प्रत्येक पावलाला पचपच होत राहिली. ते बूट घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी वाळले.

पाचव्या ओढ्यात सोबत्याचा पाय खड्ड्यात गेला आणि मोजा काठावरून भरला. त्याने तो काढला, उलटा धरून पाणी सांडले, आतला थर दाबून पिळला आणि पुन्हा घातला. दहा मिनिटांत पाय उबदार झाल्याचे त्याने सांगितले. पाय ओला होता, पण आतले थोडे पाणी शरीराच्या उबेने तापले होते. मोज्यांचा मोठा फायदा मला हाच वाटतो: वाटेत बसून हाताने दुरुस्त करता येण्याजोगे हे अपयश आहे.

मोज्यांचे दुसरे अपयश मात्र चोरपावलांनी येते. ओढ्यातली बारीक वाळू आणि मुरमाचे कण जाळीतून बुटात शिरतात आणि मोजा व बूट यांच्यामध्ये दळले जातात. टाचेखाली आणि अंगठ्याखाली त्यांच्यामुळे टाचणीच्या टोकाएवढी भोके पडतात. आतून अंगठ्याचे वाढलेले नख तेच काम करते. म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री नखे कापावीत, आणि खोल ओढा ओलांडल्यावर बूट काढून, झटकून, मोजा पाण्यात खळखळून घ्यावा. काळ्या मातीच्या चिखलाने भोके क्वचितच पडतात, पण बुटाची जाळी त्याने लिंपली जाते आणि आत शिरलेले पाणी बाहेर निथळत नाही.

बुटांतला पडदा बहुधा पंजा दुमडतो त्या घडीवर चिरतो, नाहीतर आतले टाचेचे अस्तर घासून फाटले की त्याच्यामागे फाटतो. याशिवाय बाहेरच्या कापडावर दिलेला पाणी झटकणारा लेप झिजला की कापड पाणी पिते. बूट गळत नसतो, पण जड आणि गार होतो, वाफ अडते आणि पाय आतून ओला होतो. पुष्कळ लोक या अवस्थेत बूट फुटला असे समजून टाकून देतात. वास्तविक तो धुऊन त्यावर नवा लेप फवारणे पुरेसे असते. पडदा फाटला असेल तर मात्र घरी भरवशाची दुरुस्ती होत नाही.

तिसरी पायरी: गळती की घाम, हे तपासावे

वाटेतली खूण सोपी आहे. गळतीचा ओलावा एका जागी, अचानक आणि गार लागतो. घामाचा ओलावा सगळीकडे, हळूहळू आणि कोमट येतो. खात्री घरी करावी. मोज्यासाठी बादली घ्यावी, मोज्यात हवा भरून काठ पिळून घट्ट धरावा आणि पाण्याखाली दाबावा. बाहेरच्या विणीत अडकलेल्या हवेचे बुडबुडे सुरुवातीला चहूकडून येतात. ते थांबेपर्यंत वाट पाहावी. त्यानंतर एकाच ठिकाणाहून बुडबुड्यांची सलग माळ निघाली, तर भोक तिथे आहे. सोबत्याच्या मोज्याला त्याच सहलीनंतर अंगठ्यापाशी अशी माळ सापडली. वाटेत तो त्यालाच घाम म्हणत होता.

बुटासाठी घमेल्यात तीन-चार बोटे पाणी घ्यावे, कोरडा सुती मोजा आणि बूट घालून त्यात उभे राहावे आणि दहा मिनिटे चवड्यावर वर-खाली व्हावे. नुसता बूट पाण्यात ठेवून ही तपासणी होत नाही, कारण घडीवरची चीर पंजा दुमडल्यावरच उघडते. मोज्यावर कुठे ओला डाग पडला ते नंतर पाहावे.

चौथी पायरी: माप आणि पेहराव

जलरोधक मोजे तीन थरांचे आणि जाड असतात. त्यांच्यासकट जाळीचे बूट दुकानात घालून पाहावेत. बोटे आत मोकळी हलली पाहिजेत. बहुतेकांना अर्धा नंबर मोठा लागतो. मोजा काठाला धरून खसकन ओढू नये, तर तळव्यापासून हाताने सारत वर न्यावा.

विजारीचा पाय मोज्याच्या किंवा बुटाच्या आत कधीही खोचू नये. पाऊस विजारीवरून ओघळतो आणि खोचलेले कापड वातीसारखे पाणी आत ओढते. ओढ्याचे तोंडही न पाहिलेले बूट आतून ओले होतात ते कित्येकदा यामुळेच. विजार बाहेरून सोडावी, किंवा गुडघ्याखाली गेटर, म्हणजे नडगी आणि बुटाचे तोंड झाकणारे आवरण, बांधावे.

पाचवी पायरी: ऋतू पाहून ठरवावे

खानदेशात वर्षभर चालणाऱ्या माणसाला एकच पर्याय पुरत नाही, असे माझे मत आहे. तोरणमाळ किंवा पाटणादेवीच्या पावसाळी वाटांसाठी मी मोज्यांच्या बाजूने आहे. पण डिसेंबरच्या पहाटे गव्हाच्या नाहीतर हरभऱ्याच्या बांधावरून चालायचे असेल, तर पाणी म्हणजे फक्त दव असते, तेही बुटाच्या रेषेखाली, आणि हवा गार असते. तिथे पडद्याचे बूट निर्विवाद सरस ठरतात. हरभऱ्यातून गेल्यावर मात्र ते साध्या पाण्याने धुवावेत, कारण पानांवरची आंब कापडावर वाळून बसते. पाऊस रिमझिम, वाट डांबरी आणि चाल तासाभराची असेल, तर दोन्हींची गरज नाही.

दिवसभराच्या चालीत मोजे वापरत असाल, तर दर दोन तासांनी ते काढून पाय पुसावेत आणि काही मिनिटे उघडे ठेवावेत. आतल्या घामाने कातडी पांढरी आणि सुरकुतलेली होते. तिच्यावर फोड लवकर येतात, आणि सलग दोन-तीन दिवस तसेच चालल्यास बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात.

शेवटची पायरी: वाळवणे

मोजे कोमट पाण्यात हाताने धुवावेत. कापड मऊ करणारे द्रव्य वापरू नये. मधला पडदा पाणी आरपार जाऊ देत नाही, म्हणून आधी उलटे करून आतला थर वाळवावा आणि मग सुलटे करावेत. पावसाळ्यात एका रात्रीत ते वाळत नाहीत. मुक्काम असेल तर दुसरा जोड जवळ ठेवावा.

बुटांतला आतला तळ काढून वेगळा वाळवावा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे ठासावेत आणि पहिले बोळे तासाभरात बदलावेत. चुलीजवळ किंवा हीटरपुढे बूट ठेवल्यास गोंद सुटतो, त्यामुळे पंख्याची हवाच पुरे. बूट वरून कोरडे दिसले तरी पंजाच्या टोकाशी ओल राहते. रात्री तिथे कागदाचा एक कोरा तुकडा सरकवून ठेवावा. सकाळी तो मऊ निघाला, तर बूट अजून एक दिवस पंख्याखाली राहू द्यावेत.