ओव्हरहेड वाटताना या चुका टाळा: तीन जॉब आणि एक वर्कशॉप

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही लहान मशीन शॉपमध्ये कोटेशन कसं काढता विचारलं, तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: मटेरियल, मशीनचा तास आणि त्याच तासांवर वाटलेला ओव्हरहेड. ही पद्धत एकाच प्रकारचा माल काढणाऱ्याला चालून जाते. तीन वेगळ्या स्वभावाचे जॉब एका छताखाली चालत असतील तर तीच पद्धत चुकीचा जॉब गळ्यात बांधते आणि चांगला जॉब हातातून घालवते. मग कुणीतरी ॲक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग, म्हणजे खर्च ज्या कामामुळे होतो त्या कामानुसार वाटणं, सुचवतो, दोन दिवसांत एक्सेल तयार होतं आणि त्यातही ठरलेल्या चुका होतात.

आकडे समोर ठेवूनच बोलू. सोपे जावेत म्हणून गोल केलेत. चार सीएनसी मशीनचं एक शॉप, महिन्याचा ओव्हरहेड 2,40,000 रुपये. माल तीन प्रकारचा: 4,000 पंप फ्लँज, हायड्रॉलिक सिलिंडरचे 1,000 पिस्टन आणि स्पेअरमध्ये जाणारे 200 शाफ्ट. मशीनचे चालू तास अनुक्रमे 400, 150 आणि 50, म्हणजे एकूण 600. जुन्या पद्धतीने तासाला 400 रुपये बसतात. फ्लँजला नगामागे 40, पिस्टनला 60 आणि शाफ्टला 100.

आता हाच खर्च कामानुसार लावू. मशीन चालवण्याचे 1,20,000, जॉब बदलताना मशीन नव्यानं लावायचे, म्हणजे सेटिंगचे, 72,000, तपासणीचे 36,000 आणि ऑर्डर, बिल व डिस्पॅचचे 12,000. मशीनचा खर्च चालू तासांवर वाटला की तासाला 200 रुपये पडतात. तपासणीला महिन्यात 120 तास जातात: फ्लँजला 30, पिस्टनला 40, शाफ्टला 50. डिस्पॅच 30, त्यातले 20 एकट्या शाफ्टचे, 6 पिस्टनचे, 4 फ्लँजचे. सेटिंगचा खर्च कशावर वाटायचा, तिथेच गाडी रुळावरून घसरते.

सेटिंग मोजणं आणि सेटिंगचा वेळ मोजणं

सगळ्यात जास्त दिसणारी आणि माझं डोकं फिरवणारी चूक हीच. महिन्यात 40 सेटिंग झाली, 72,000 भागिले 40, एका सेटिंगला 1,800, झालं काम! आकडा ऑफिसातल्या रजिस्टरमध्ये सापडतो म्हणून तो घ्यायचा, हा आळस आहे. अशाच एका शॉपमध्ये हिशोब लावून झाल्यावर तिथल्या सेटरनं तो कागद बघितला आणि मला म्हणाला, "सायेब, फ्लँजचं सेटिंग एक आणि शाफ्टचं पण एकच लिवलाय. ते दोन्ही सारखं कसं हो?"

त्याचं म्हणणं मशीनजवळ उभं राहिलं की लगेच कळतं. फ्लँजचे सॉफ्ट जॉ आधीच बोअर करून ठेवलेले असतात, प्रोग्राम तोच, टूल तेच. जॉ बसवले, ऑफसेट बघितला, पहिला पीस पास झाला की दीड तासात मशीन सुरू. शाफ्टचं तसं नाही. सेंटर लावा, लांबी जास्त म्हणून स्टेडी बसवा, डायल लावून रनआउट बघा, पहिला पीस कापून टेपर आला की पुन्हा टेलस्टॉक सरकवा. दुसरा पीसही कधी भंगारात जातो. तीन तास सहज जातात.

वेळ धरला तर फ्लँजची 8 सेटिंग 12 तासांची, पिस्टनची 12 सेटिंग 24 तासांची आणि शाफ्टची 20 सेटिंग 60 तासांची. एकूण 96 तास, तासाला 750 रुपये. सगळं मिळून फ्लँजवर 99,600, पिस्टनवर 62,400 आणि शाफ्टवर 78,000 येतात. नगामागे फ्लँज 24.90, पिस्टन 62.40 आणि शाफ्ट 390. नुसती सेटिंग मोजली असती तर शाफ्ट 345 वर थांबला असता, आणि ते 45 रुपये फ्लँज-पिस्टनने गुपचूप भरले असते.

त्या शॉपचे मालक फ्लँजचा दर जुन्या हिशोबानं लावून बसले होते. मोठी ऑर्डर दुसरीकडे गेली, आणि शाफ्टवाला गिऱ्हाईक मात्र दर महिन्याला खुशीत दहा-दहा नगांची ऑर्डर पाठवत होता. जो जॉब पोसत होता तोच महाग दाखवला जात होता.

वेळ मोजायला मी सॉफ्टवेअर मागत नाही. प्रत्येक मशीनला दोरीनं एक वही बांधायची आणि दोनच वेळा लिहायच्या: शेवटचा चांगला पीस कधी निघाला, नव्या जॉबचा पहिला पीस कधी पास झाला. आमच्याकडे एक ऑपरेटर मराठीत लिहितो, दुसरा कन्नडमध्ये, म्हणून मी जॉबच्या नावाऐवजी रंगीत खूण ठेवतो. पूर्ण महिना लिहू द्या. चार दिवसांच्या नोंदीवर दर काढायची घाई करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, कारण शाफ्टची ऑर्डर त्या चार दिवसांत आलीच नाही तर त्याचं सेटिंग शून्य दिसतं.

रिकाम्या मशीनचा खर्च गिऱ्हाइकाच्या माथी

दुसरी चूक गणपतीच्या महिन्यात हमखास दिसते. काम कमी, सुट्ट्या जास्त, मशीन 600 ऐवजी 400 तास चालतात. मशीनच्या 1,20,000 पैकी चालण्यावर अवलंबून असलेली वीज साधारण 30,000 धरा. बाकीचे 90,000 म्हणजे भाडं, घसारा, देखभाल, आणि हेस्कॉमच्या वीजबिलातला तो भाग जो मशीन बंद असली तरी येतोच. हे 90,000 भागिले 600 ऐवजी भागिले 400 केलं की तासाचा 150 चा दर 225 होतो. मग मालक कोटेशन वाढवतो, ऑर्डर आणखी कमी होते आणि पुढच्या महिन्यात दर परत चढतो.

भागाकार प्रत्यक्ष चाललेल्या तासांनी करायचाच नाही. चार मशीन, 25 दिवस, 8 तास म्हणजे 800 तास. त्यातून सेटिंगचे 96 आणि देखभाल, इन्सर्ट बदलणं, वीज जाणं यांचे तास वजा करा; 600 हाती लागतात. हीच खरी क्षमता, दर कायम तिच्यावरच. उरलेल्या 200 तासांचे 30,000 वेगळ्या ओळीत 'रिकामी क्षमता' म्हणून लिहायचे. कॉस्टिंगचे अभ्यासक रॉबर्ट कॅप्लान आणि स्टीव्हन अँडरसन यांनी 2004 मध्ये वेळेवर आधारलेली जी पद्धत मांडली, तिचाही भर इथेच आहे. ती ओळ मालकाला बोचते, पण तिचा जाब मार्केटिंगनं द्यायचा, फ्लँजनं नाही.

किरकोळ चुका भराभर सांगतो. फक्त शाफ्टसाठीच घेतलेला गेज ओव्हरहेडमध्ये टाकू नका, तो थेट शाफ्टवर लावा. ज्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं तो खर्चात धरू नका. आणि तीन जॉबसाठी पंधरा ॲक्टिव्हिटी काढू नका. चार-पाच पुरतात, त्याहून जास्त नोंदी कुणी ठेवत नाही.

शेवटची चूक मात्र महागात पडते: 390 बघून लगेच शाफ्ट बंद करणं. बंद केल्यानं 78,000 वाचत नाहीत. भाडं तेवढंच, सेटर पगारावर, तपासनीस तोच. त्या महिन्यात वाचते ती वीज, इन्सर्ट आणि भंगार. आधी लॉट बदलून बघा. दहा-दहाचे 20 लॉट घेण्याऐवजी वीस-वीसचे 10 घेतले तर सेटिंगचे 60 तास 30 होतात आणि शाफ्टवरचे 22,500 उतरतात, म्हणजे नगामागे 112.50. तेही गल्ल्यात तेव्हाच दिसतात, जेव्हा सुटलेल्या 30 तासांत फ्लँज कापले जातात. गिऱ्हाइकाला दर वाढवून सांगायचा की वीसचा लॉट मागायचा, हे ठरवताना मी दोन्ही दर एकाच कोटेशनवर लिहून देतो: दहाच्या लॉटचा वेगळा, विसाचा वेगळा.