स्फेरिसिटी मोडली, डीएफ बदलले: आता निकाल कसा लिहायचा?

एकाच गटाची चार वेळा मापनं घेतली आहेत, पुनरावृत्त मापनाचा अनोव्हा चालवून झालाय, मॉक्लीची चाचणी सिग्निफिकंट आली आहे आणि आता प्रबंधातलं निकालाचं प्रकरण लिहायचंय, असं मी धरून चालतो. आकडे नीट भरलेत का, टोकाच्या नोंदी तपासल्या का, हे इथे सांगत बसत नाही. लोक अडतात ते एका ओळीवर: कंसातले डीएफ कुठले लिहायचे? याच ओळीवर मीही एकदा सपशेल चुकलो होतो.

उदाहरण म्हणून असं समजा की रात्रपाळी करणाऱ्या २४ परिचारिकांना बारा आठवडे शिथिलीकरणाचा सराव दिला आणि ताणाचे गुण सुरुवातीला, चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याला घेतले. म्हणजे मापनं चार, माणसं २४. सरासरी २७.४ वरून २४.१ वर आली. आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण त्यांचं गणित एकमेकांशी जुळतं. कॅल्क्युलेटर घेऊन सोबत चाला.

आधी एका वाक्यात: मोडलं काय?

प्रत्येक व्यक्तीच्या दोन मापनांतला फरक काढा. सुरुवात आणि चौथा आठवडा, सुरुवात आणि बारावा आठवडा, अशा सहा जोड्या होतात. या सहाही फरकांचा व्हेरिअन्स सारखा असणं म्हणजे स्फेरिसिटी. प्रत्यक्षात तो सारखा क्वचितच असतो. पहिल्या चार आठवड्यांत सगळ्यांचा ताण थोडाथोडा हलतो, बाराव्या आठवड्यापर्यंत मात्र कुणाचा निम्म्यावर येतो तर कुणाचा जागचा हलत नाही. लांबच्या जोडीतला फरक जवळच्या जोडीपेक्षा जास्त विखुरतो. वेळेनुसार मापन असेल तर हे व्हायचंच, त्यामुळे "माझा डेटा बिघडला" असं मनाला लावून घेऊ नका. साध्या अनोव्हाचा p मात्र अशा वेळी असायला हवा त्यापेक्षा लहान येतो, म्हणून दुरुस्ती करावी लागते.

मॉक्लीचं वाक्य

एका ओळीचं काम आहे: "मॉक्लीच्या चाचणीनुसार स्फेरिसिटीचं गृहीतक पाळलं गेलं नाही, W = .42, χ²(5) = 18.84, p = .002." इथला डीएफ ५ आहे, ३ नव्हे. चार मापनांच्या सहा जोड्या, त्यातून एक वजा. चाचणी १९४० ची आहे आणि तिचा कर्ता जॉन मॉक्ली हाच पुढे एनिअ‍ॅक संगणकाच्या दोन मुख्य शिल्पकारांपैकी एक ठरला.

याबाबत माझं मत पक्कं आहे. मॉक्लीची चाचणी नॉन-सिग्निफिकंट आली म्हणून दुरुस्ती टाळू नका. माणसं कमी असली की या चाचणीला उल्लंघन पकडता येत नाही. दुरुस्ती करायची हे विश्लेषणाच्या आधीच ठरवा. स्फेरिसिटी शाबूत असेल तर दुरुस्तीचा गुणक एकच्या जवळ येतो आणि फारसं काही बिघडत नाही. मापनं दोनच असतील तर हा सगळा प्रश्नच नाही, कारण फरकाची जोडी एकच असते.

एप्सिलॉन कुठला?

दुरुस्तीचा गुणक म्हणजेच एप्सिलॉन, आणि सॉफ्टवेअर असे तीन देतं. आपल्या उदाहरणात ग्रीनहाउस–गायसरचा .655, हुइन–फेल्टचा .716 आणि लोअर-बाउंडचा .333. लोअर-बाउंड सोडून द्या, ती सगळ्यात वाईट परिस्थिती धरलेली दुरुस्ती आहे. उरलेल्या दोनांपैकी एप्सिलॉन .75 पेक्षा कमी असेल तर ग्रीनहाउस–गायसर आणि जास्त असेल तर हुइन–फेल्ट, हा रूढ नियम आहे. मी स्वतः नेहमी ग्रीनहाउस–गायसर घेतो. ती थोडी कडक असली तरी दोन्ही बघून सोयीचा p उचलण्याचा मोह तिथेच संपतो. कुठलीही घ्या, नाव लिहा आणि एप्सिलॉनचा आकडा द्या. नुसतं "योग्य ती दुरुस्ती केली" लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

खरी अडचण: कंसातले दोन डीएफ

एसपीएसएसमध्ये `Tests of Within-Subjects Effects` या तक्त्यात प्रत्येक परिणामासाठी चार ओळी असतात: `Sphericity Assumed`, `Greenhouse-Geisser`, `Huynh-Feldt`, `Lower-bound`. त्याच चार ओळी खाली `Error` च्या खान्यात पुन्हा येतात. घोळ इथेच होतो. पहिला डीएफ वरच्या खान्यात, दुसरा खालच्या खान्यात आणि p पुन्हा वरच्या खान्यात. तीन आकडे एकाच नावाच्या ओळीतून उचलायचे असतात, पण ओळी एकमेकींपासून दूर असल्यामुळे डोळा सहज घसरतो.

मी माझ्या पहिल्या लेखात F(3, 69) लिहून p मात्र ग्रीनहाउस–गायसरच्या ओळीतला दिला होता. वर "दुरुस्ती केली आहे" असं वाक्यही होतं, त्यामुळे मला सगळं बरोबरच वाटत होतं. परीक्षकांनी डीएफ आणि F वरून p काढून बघितला. तो जुळला नाही आणि लेख परत आला. त्यांचं चुकलं नव्हतं. माझ्या ओळीतले आकडे एकत्र खरे असूच शकत नव्हते. तेव्हापासून कुणाचंही हस्तलिखित हाती आलं की मी आधी हेच तपासतो, आणि ही चूक मला वारंवार सापडते. दुसरा प्रकार त्याहून फसवा: पहिला डीएफ दुरुस्त केलेला, दुसरा तसाच. F(1.97, 69) हे कुठल्याच ओळीत नसतं.

गणित समजलं की चूक होत नाही. मूळ डीएफ ३ आणि ६९ आहेत: चार मापनांतून एक वजा, आणि ३ गुणिले २३. दुरुस्ती म्हणजे *दोन्हींना* एप्सिलॉनने गुणणं.

```
3  × .655 = 1.97
69 × .655 = 45.20
```

दोन्ही एकाच गुणकाने लहान होतात, म्हणून F बदलत नाही. मीन स्क्वेअर दोन्ही वाढतात, पण सारख्याच पटीत. चारही ओळींत F 2.90 च दिसतो. "F तोच आहे, मग दुरुस्ती लागू झालीच नाही" असं समजून पुन्हा पुन्हा विश्लेषण चालवणारे विद्यार्थी मी पाहिलेत. दुरुस्ती डीएफमध्ये होते आणि तिथून p मध्ये उतरते.

आता ताळा. एकाच गटाच्या डिझाइनमध्ये दुसऱ्या डीएफला पहिल्याने भागा. उत्तर माणसांच्या संख्येतून एक वजा इतकं यायला हवं. ६९ भागिले ३ बरोबर २३. ४५.२० भागिले १.९७ बरोबर २२.९, पूर्णांकन सोडलं तर २३ च. पण ६९ भागिले १.९७ केलं तर ३५ येतात, म्हणजे ओळी मिसळल्या आहेत. गट दोन असतील तर वेळेच्या परिणामासाठी हे उत्तर माणसांच्या संख्येतून दोन वजा इतकं येतं. दहा सेकंदांचं काम आहे. लेख पाठवण्याआधी प्रत्येक F वर करा. आर मधलं `statcheck` हेच काम करतं: कंसातल्या डीएफवरून p पुन्हा काढून तुमच्या p शी ताडून बघतं. मूळ डीएफसोबत दुरुस्त p दिला तर ते विसंगती दाखवतं.

आर वापरत असाल तर:

```r
library(afex)
m <- aov_ez(id = "id", dv = "taan", data = d, within = "vel")
m
summary(m)
```

`m` छापल्यावर डीएफ ग्रीनहाउस–गायसरने दुरुस्त करूनच येतात. `summary(m)` मध्ये मात्र वर मूळ डीएफचा तक्ता आणि खाली दुरुस्त p वेगळे असतात. तिथून उचललंत तर पुन्हा माझीच चूक कराल.

वाक्य लिहा

"स्फेरिसिटीचं उल्लंघन झाल्यामुळे डीएफ ग्रीनहाउस–गायसर पद्धतीने दुरुस्त केले (ε = .655). ताणाच्या गुणांवर वेळेचा परिणाम सांख्यिकीदृष्ट्या सिग्निफिकंट आढळला नाही, F(1.97, 45.20) = 2.90, p = .066, ηp² = .11."

आता तक्त्यातल्या पहिल्या, `Sphericity Assumed` च्या ओळीकडे बघा. दुरुस्ती न करता p = .041 होता. म्हणजे निष्कर्ष उलटला. इथे मार्गदर्शकांकडून ऐकू येणारा सल्ला असतो: "पहिली ओळच दे, मॉक्लीचा उल्लेख करू नकोस." तो ऐकू नका. .041 हा ज्या गृहीतकावर उभा आहे ते मोडल्याचं तुमच्याच तक्त्यात लिहिलेलं आहे. हुइन–फेल्टनेही p .05 च्या वरच राहतो. "सरावाचा काही उपयोग नाही" असंही लिहू नका, कारण एवढ्या माणसांत ते सिद्ध झालेलं नाही. सरासरी किती उतरली ते द्या, परिणामाचा आकार द्या आणि थांबा.

पार्शल ईटा स्क्वेअर चारही ओळींत सारखाच राहतो, कारण त्यात दोन डीएफचं फक्त गुणोत्तर येतं: ८.७ भागिले ७७.७, म्हणजे .11. आर मधलं `afex` मात्र जनरलाइज्ड ईटा स्क्वेअर देतं, `ges` या नावाने. तो वेगळा आकडा आहे. त्याला पार्शल म्हणू नका.

जोड्यांची तुलना

एकूण परिणाम सिग्निफिकंट आला असता तर पुढे जोड्या तपासल्या असत्या. तिथे एक खड्डा आहे. सगळ्या जोड्यांना अनोव्हाचा एकच एरर टर्म लावणाऱ्या पद्धती, टुकी त्यातलीच, स्फेरिसिटी धरूनच चालतात. वर दुरुस्ती करून खाली तेच गृहीतक परत आणायचं नाही. प्रत्येक जोडीची स्वतंत्र पेअर्ड t चाचणी घ्या आणि p ना बॉनफेरोनी किंवा होल्मची दुरुस्ती लावा. एसपीएसएसमध्ये बॉनफेरोनीची दुरुस्ती `EM Means` च्या खिडकीतून मिळते. या t चे डीएफ पूर्णांक, इथे २३, असतात. त्यांना एप्सिलॉनने गुणू नका.

गटांमधल्या घटकाच्या F लाही एप्सिलॉनची दुरुस्ती लागत नाही. वेळ आणि वेळ × गट या दोन्हींना लागते, आणि वेळेचा घटक एकच असेल तर दोन्हींचा एप्सिलॉनही एकच असतो. त्यातल्या एकीचे डीएफ दशांशात आणि दुसरीचे पूर्णांकात दिसले, तर तक्त्याकडे परत जा.