चेंडूची पृथ्वी: सुई ध्रुवाच्या भिंतीकडेच

टॉर्च म्हणजे सूर्य आणि चेंडू म्हणजे पृथ्वी धरली, की मुलांना दिवस-रात्र लगेच कळते, ऋतूंपाशी मात्र गाडी अडते. कारण फेरी मारताना मुलं चेंडूसोबत त्याचा कलही फिरवतात.

१. चेंडूत विणायची सुई आरपार घाला, महाराष्ट्राच्या जागी टिकली लावा.

२. अंधाऱ्या खोलीत एका भिंतीवर ‘ध्रुवतारा’ चिकटवा. सुईचं वरचं टोक थोडं (साधारण २३.५ अंश) कायम त्याच भिंतीकडे झुकलेलं.

३. एकजण मधोमध टॉर्च धरून पृथ्वीकडे वळत राहील. दुसरा चेंडू डावीकडून उजवीकडे गिरकवत, घड्याळाच्या उलट फेरी मारेल. फेरी झाली की अदलाबदल.

भिंतीजवळ टोक टॉर्चपासून दूर झुकतं, तो डिसेंबर. समोरच्या बाजूला जून.

टॉर्चभोवती जमिनीवर खडूने गोल काढून त्यावरूनच चालवा, नाहीतर ‘जवळ म्हणजे उन्हाळा’ असं डोक्यात बसतं. खरं तर पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ जानेवारीत असते.