सरावाचा पहिला दिवस : नव्या खेळाडूंच्या स्वागताची तयारी

ही यादी अशा संघासाठी आहे, ज्यात काही खेळाडू गेल्या हंगामापासून एकत्र खेळत आहेत आणि काही आज प्रथमच येत आहेत. उदाहरणासाठी पंधरा वर्षांखालील फुटबॉल संघ घेऊ. त्यात एकूण १८ खेळाडू आहेत, त्यांपैकी ११ जुने आणि ७ नवे, आणि सराव दीड तासाचा आहे. खेळ दुसरा असला तर आकडे बदलतील, पण कामांचा क्रम साधारण हाच राहील. सगळी तयारी एका प्रश्नाभोवती करायची आहे: नवा खेळाडू मैदानात पाऊल टाकतो, तेव्हापासून एखादा जुना सहकारी त्याला नावाने हाक मारून चेंडू देतो, तोपर्यंत किती वेळ जातो? हा वेळ पंधरा मिनिटांच्या आत आणणे हे पहिल्या दिवसाचे उद्दिष्ट मानावे, कारण प्रशिक्षकाच्या आपुलकीने खेळाडूचा संकोच कमी होत असला, तरी आपण या संघातले आहोत ही खात्री त्याला सोबत्यांच्या वागण्यातूनच मिळते.

आदल्या दिवशी सर्वांत आधी नावांची यादी हाती घ्यावी. नोंदणीच्या अर्जावर पूर्ण नाव असते, पण घरी आणि मित्रांमध्ये त्या मुलाला काय म्हणतात आणि त्याला स्वतःला कोणती हाक आवडते, हे तिथे बहुधा लिहिलेले नसते. नाव उच्चारायला अवघड वाटत असेल, तर पालकांना किंवा खेळाडूलाच आधी विचारावे, ते ऐकू येते तसे लिहून ठेवावे आणि दोन-तीनदा मोठ्याने म्हणून पाहावे. सर्वांसमोर नाव चुकीचे उच्चारले गेले, तर लाजाळू मूल ते दुरुस्त करत नाही आणि मग वर्षभर तेच चुकीचे नाव संघाच्या तोंडी बसते.

यानंतर गट ठरवावेत, आणि तेही घरी बसून, कागदावर. मैदानात ‘आपापल्या जोड्या करा’ असे सांगितले की जुने मित्र क्षणात एकमेकांकडे वळतात आणि नव्यांतला एखादा शेवटी उरतो. त्या अर्ध्या मिनिटात त्याला जे कळायचे ते कळून चुकते, आणि पुढचे कोणतेही भाषण ते पुसू शकत नाही. आपल्या उदाहरणात तिघांचे सहा गट होतात. पाच गटांत दोन जुने आणि एक नवा ठेवावा, तर उरलेल्या एका गटात दोन नवे आणि एक जुना येतो, आणि तो जुना खेळाडू म्हणजे कर्णधार असावा. एका गटातले दोन जुने खेळाडू एकमेकांचे जिवलग मित्र नसतील, एवढे मात्र नक्की पाहावे, नाहीतर तिघांच्या गटात दोघेच खेळतात आणि तिसरा चेंडू आणून देतो.

कर्णधाराशी आदल्या दिवशी दहा मिनिटे स्वतंत्र बोलावे. त्याला सातही नव्या खेळाडूंची नावे द्यावीत आणि प्रत्येकाबद्दल एक उपयोगाची गोष्ट सांगावी, म्हणजे कोण डाव्या पायाने खेळतो, कोण याआधी गोलरक्षक होता, कोण प्रथमच संघात खेळणार आहे. त्याच्याकडून दोन गोष्टींचा शब्द घ्यावा. एक म्हणजे पहिल्या दिवशी तो आपल्या नेहमीच्या मित्रांच्या घोळक्यात उभा राहणार नाही. दुसरी म्हणजे ‘साहित्य नव्यांनीच उचलायचे’ यासारखी कोणतीही रीत या संघात चालणार नाही आणि शंकू गोळा करायला पहिला वाकेल तो स्वतः कर्णधार. नव्यांची थट्टा करण्याची प्रथा कितीही निरुपद्रवी म्हणून मांडली गेली, तरी ती आदल्या दिवशीच स्पष्ट शब्दांत बंद करावी, कारण एकदा ती घडून गेली की नंतर फक्त दिलगिरी उरते.

सरावाच्या दिवशी प्रशिक्षकाने अर्धा तास आधी पोहोचावे आणि पहिला खेळाडू येण्यापूर्वी मैदान पूर्ण मांडलेले असावे. शंकू लावण्यात गुंतलेल्या प्रशिक्षकाला पाठमोरे गाठण्याची वेळ नव्या मुलावर येऊ नये. मांडणी संपली की मैदानात शिरण्याच्या जागी, सर्वांना दिसेल असे उभे राहावे. प्रत्येकाला आधी नावाने हाक मारावी आणि मगच दुसरे काही विचारावे. बूट कुठे आहेत, अर्ज भरला का, उशीर का झाला, हे प्रश्न पहिल्या वाक्यात येऊ नयेत. टाळी द्यायची की नुसते हसून मान हलवायची, हे खेळाडूवर सोडावे. हात पुढे करावा, पण त्याने तो घेतला नाही तर तसेच सहज पुढे बोलावे.

या भेटीतले दुसरे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण त्यातून खेळाडूला लगेच करायला काहीतरी मिळायला हवे. ‘ये, तुझीच वाट पाहत होतो. तो निळा बिब घातलेला मुलगा दिसतो ना, त्याला तुझं नाव सांगून ठेवलंय. त्याच्याकडे जा आणि पास सुरू करा.’ एवढे बोलायला दहा सेकंद लागतात आणि पोरके वाटायला लावणारा सर्वांत अवघड काळ, म्हणजे सराव सुरू होण्यापूर्वी कडेला एकटे उभे राहण्याचा, त्यातून नाहीसा होतो. त्यासाठी निळ्या बिबवाल्याला खरोखर आधी सांगून ठेवलेले असले पाहिजे. तो ‘कोण तू?’ असे विचारू लागला, तर प्रशिक्षकाच्या शब्दाला पहिल्याच मिनिटाला तडा जातो. उशिरा येणाऱ्याचेही स्वागत याच दोन वाक्यांत करावे आणि उशिराविषयी जे बोलायचे ते सरावानंतर बोलावे.

सर्व जमले की वर्तुळ करावे. खेळाडूंच्या डोळ्यांवर ऊन येणार नाही अशी जागा निवडावी, ऊन असेलच तर ते प्रशिक्षकाने आपल्या तोंडावर घ्यावे आणि तो स्वतःही वर्तुळाच्या रेषेवरच उभा राहावा. बोलणे तीन मिनिटांत संपवावे. गेल्या हंगामातले विजय, जुन्या खेळाडूंची टोपणनावे आणि ‘तुम्हाला आठवतंय ना’ने सुरू होणारे किस्से यांतले काहीही या तीन मिनिटांत नसावे, कारण त्यावर अकरा जण हसतात आणि सात जण त्या हसण्याकडे पाहत राहतात.

त्याऐवजी एक मिनिट कर्णधाराला किंवा दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या खेळाडूला द्यावे आणि त्याने स्वतःचा खरा अनुभव सांगावा: सुरुवातीचे काही आठवडे आपल्याला इथे कुणी ओळखत नाही असे कसे वाटत होते आणि ते कशामुळे बदलले. यामागे पक्का आधार आहे. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. त्यात अमेरिकेतल्या एका विद्यापीठातील पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना, आपण इथले नाही असे सुरुवातीला बहुतेकांना वाटते आणि काळाबरोबर ते कमी होते, हे वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांच्या अनुभवांतून समजावले होते. साधारण तासाभराच्या त्या सत्रानंतर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या गुणांत पुढील तीन वर्षे सुधारणा दिसली. अनोळखीपणा हा आपल्यातला दोष नसून सुरुवातीचा टप्पा आहे, हे कळले की माणूस प्रत्येक लहान गोष्टीचा अर्थ ‘मी नकोसा आहे’ असा लावत नाही.

याच कामाची मर्यादाही ध्यानात ठेवावी. २०२३ मध्ये वॉल्टन आणि सहकाऱ्यांनी २२ शिक्षणसंस्थांत घेतलेल्या मोठ्या प्रयोगात असे दिसले की, जिथे त्या विद्यार्थ्यांना सामावून घेण्याची संधी प्रत्यक्षात होती, तिथेच अशा संदेशाचा उपयोग झाला. मैदानावर याचा अर्थ सरळ आहे. वर्तुळात ‘तू आमचाच’ म्हणायचे आणि पुढचा तासभर त्याच्याकडे चेंडूच जाऊ द्यायचा नाही, असे झाले तर ते तीन मिनिटांचे बोलणे फुकट जाते.

म्हणून वर्तुळ मोडताच ठरवलेले सहा गट वाचून दाखवावेत आणि नावांचा सराव घ्यावा. तिघांनी आठ-दहा पावलांवर त्रिकोणात उभे राहावे. ज्याला चेंडू द्यायचा त्याचे नाव मोठ्याने घेतल्याशिवाय पास द्यायचा नाही आणि चेंडू घेणाऱ्याने पुढचा पास देण्यापूर्वी तिसऱ्याचे नाव घ्यायचे, एवढाच नियम. तीन मिनिटांनी शिट्टी वाजवून प्रत्येक गटातल्या एका जुन्या खेळाडूला शेजारच्या गटात पाठवावे. प्रत्येक गटातून एक जुना जातो आणि एक जुना येतो, त्यामुळे गटांची घडण तशीच राहते. फिरण्याचे काम जुन्यांकडे असावे. नवा खेळाडू आपल्या जागी स्थिर राहतो आणि दर वेळी कुणीतरी त्याच्याकडे चालत येऊन त्याचे नाव विचारते, हा फरक नव्या मुलाला फार जाणवतो. नाव विसरणे साहजिक आहे. ‘नाव पुन्हा सांग’ म्हणायची मोकळीक सर्वांना द्यावी, मात्र एकेकाला मध्ये उभे करून साऱ्यांची नावे म्हणायला लावू नये, कारण त्या परीक्षेत सतरा नावे नवी असलेलाच अडखळतो.

त्यानंतर एखादी अगदी मूलभूत गोष्ट सर्वांना पहिल्यापासून शिकवावी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील बास्केटबॉल संघाला १९६४ ते १९७५ या काळात १० राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून देणारे प्रशिक्षक जॉन वूडन हंगामाच्या आरंभी खेळाडूंना मोजे आणि बूट नीट कसे घालायचे, हे शिकवत असत. त्यांचे कारण पायाला फोड येऊ नयेत हे होते. पण सगळ्यांनीच आरंभापासून शिकण्याचा आणखी एक लाभ होतो, तो असा की ‘मला एकट्यालाच माहीत नाही’ ही अवस्था कुणाच्याही वाट्याला येत नाही.

पाणी पिण्याच्या सुट्टीत प्रशिक्षकाने स्वतः फोन हातात न घेता फक्त पाहावे आणि ऐकावे. जुन्यांचा घोळका पुन्हा जमला आहे का, नव्यांना नावाने हाक जाते की ‘ए’ आणि ‘नवा’ म्हणून, कोणी प्रत्येक रांगेत शेवटी उभा राहतो का, सूचना समजूनही आधी दुसऱ्यांकडे पाहून मगच हालचाल करतो का, मोकळ्या जागेत असूनही चेंडू मागत नाही का. यांतले काही दिसले, तर त्या मुलाला बाजूला घेऊन ‘काही त्रास आहे का’ असे सर्वांदेखत विचारू नये. एखाद्या जुन्या खेळाडूला त्याच्याबरोबर पुढचे मैदान मांडायला सांगावे, किंवा पुढच्या छोट्या सामन्यात चेंडू खेळात आणण्याचे काम त्याच्याकडे द्यावे, म्हणजे त्याच्यावाचून खेळ पुढे सरकणार नाही.

सराव संपल्यावर सर्वांनी मिळून साहित्य गोळा करावे आणि प्रशिक्षकाने पुन्हा त्याच प्रवेशाच्या जागी उभे राहावे. जाणाऱ्या प्रत्येकाला नावासह आज दिसलेली एक नेमकी गोष्ट सांगावी. ‘छान खेळलास’ हे कुणालाही म्हणता येते, पण ‘चेंडू येण्याआधी तू मागे वळून पाहत होतास, ते मी पाहिलं’ हे फक्त त्यालाच म्हणता येते. अठरा जणांचे तपशील ध्यानात राहणार नाहीत, म्हणून सुट्टीतच वहीत एकेक शब्द टिपून ठेवावा आणि ज्या नावापुढे काहीच लिहिले गेले नाही, त्याच्याकडे उरलेल्या वेळात मुद्दाम लक्ष द्यावे. त्याच संध्याकाळी कर्णधाराला विचारावे की सातांपैकी कोणाशी कोणीच बोलले नाही, आणि दुसऱ्या दिवसाचे गट त्या उत्तरावरून नव्याने लिहावेत.