प्रीक्वालिफिकेशनचे कागद भरताना या चुका टाळा

प्रीक्वालिफिकेशन म्हणजे निविदेसाठी ठेकेदार पात्र आहे का, याची आधीच होणारी तपासणी. त्यात सर्वांत मोठा घोळ होतो तो समान कामांच्या, म्हणजे आधी केलेल्या तशाच कामांच्या तक्त्यात. समजा, पुण्यातल्या एका इमारतीच्या निविदेची अंदाजित रक्कम २० कोटी आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या धर्तीवरची अट अशी असते: गेल्या ७ वर्षांत पूर्ण केलेली समान स्वरूपाची तीन कामं, प्रत्येकी अंदाजित रकमेच्या ४० टक्के, किंवा दोन कामं ६० टक्क्यांची, किंवा एकच ८० टक्क्यांचं. म्हणजे ८, १२ किंवा १६ कोटी.

आपल्या ठेकेदाराकडे ९ आणि १० कोटींची दोन कामं आहेत. तिसरं वाघोलीचं, १८ कोटींचं, पण जॉइंट व्हेंचरमधलं आणि त्यात त्याचा वाटा ४० टक्के. हात शिवशिवतात आणि तक्त्यात १८ कोटी पडतात, कारण एवढ्या एका कामावर अट पूर्ण होते. तपासणाऱ्याने पूर्णत्वाच्या दाखल्यासोबत करारनामा मागितला की वाटा उघडा पडतो. मग प्रश्न फक्त त्या ओळीचा राहत नाही, खोटी माहिती दिली म्हणून अख्खा प्रस्ताव जातो.

खरा वाटा ७ कोटी २० लाख, म्हणजे ८ कोटींना कमी. इथेच निविदा नीट वाचायची. जुन्या कामाची किंमत पूर्ण झाल्याच्या तारखेपासून निविदेच्या शेवटच्या तारखेपर्यंत वर्षाला ७ टक्के सरळ दराने वाढवून धरा, असं कलम अनेकदा असतं. काम ३ वर्षांपूर्वी संपलेलं असेल तर २१ टक्के वाढ, म्हणजे सुमारे ८ कोटी ७१ लाख. तिसरं काम अटीत बसलं! तक्त्यात मूळ रक्कम, वाटा आणि वाढीव रक्कम असे तीन वेगळे रकाने करा. कलम नसेल, तर मात्र हे काम धरता येत नाही. खासगी बिल्डरचं काम असेल तर दाखल्यातली रक्कम टीडीएसच्या प्रमाणपत्राशी जुळते का, तेही आधी घरीच पाहा.

यंत्रसामग्रीच्या यादीत स्वतःची आणि भाड्याची यंत्रं वेगळी लिहा. चाकणच्या साइटवर पुढचं वर्षभर अडकलेली क्रेन ‘उपलब्ध’ नसते, एवढं तरी कबूल करा.

सुरक्षेच्या रकान्यात ‘शून्य अपघात’ लिहायची सवय तर फारच वाईट. दुखापतींचा दर असा काढतात: कामावरची गैरहजेरी घडवणाऱ्या दुखापती गुणिले १० लाख, भागिले एकूण मनुष्यतास. १०० कामगार, ८ तास, ३०० दिवस म्हणजे २ लाख ४० हजार तास; दुखापत एक असेल तर दर सुमारे ४.२ येतो. लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांचे तास धरले असतील, तर त्यांच्या दुखापतीही धराव्या लागतात. नेमक्या त्याच गाळल्या जातात, आणि ईएसआयच्या नोंदीत त्या सापडतात. आकड्याखाली दोन ओळी जोडा: मचाणावरून पडून पाय मोडला, त्यानंतर मचाण रोज तपासून टॅग लावल्याशिवाय कुणाला वर चढू देत नाही, सोबत त्या तपासणी रजिस्टरची प्रत.