डोशाची रांग कशी मोडली

आमचं महाबळेश्वरचं हॉटेल, 48 खोल्या. नाश्ता साडेसात ते साडेदहा, पण रविवारी निम्मे पाहुणे नऊ ते पावणेदहातच उतरतात. डोशाचा लाइव्ह काउंटर दारालगत, प्लेटांच्या शेजारी होता. तव्यावर एका वेळी तीन डोसे, चार मिनिटांचा घाणा. पंधरा माणसं उभी राहिली की शेवटच्याला वीस मिनिटं. त्यात ज्याला नुसते पोहे हवेत तोही त्याच रांगेत अडकायचा.

आधी मी दुसरा तवा लावला. रांग तेवढीच राहिली, कारण घोळ जागेचा होता. मग काउंटर हॉलच्या टोकाला नेला आणि पाहुण्यांना टेबल नंबरची चिठ्ठी देऊन बसायला सांगितलं. डोसा वेटर नेऊन देतो. चहा-कॉफीही बुफेच्या ओळीतून काढून वेगळ्या टेबलावर ठेवली.

दुसरं दुखणं पोह्यांचं. साडेसातला भरलेला मोठा ट्रे नऊपर्यंत कडेने वाळून कडक व्हायचा. आता अर्धा ट्रेच लावतो. तिसरा हिस्सा उरला की बुफेवरचा मुलगा किचनला सांगतो. फोडणी आणि भिजवलेले पोहे तयार असतात, त्यामुळे सात-आठ मिनिटांत नवा ट्रे येतो आणि जुना उचलला जातो. जुन्यावर नवे ओतायचे नाहीत, यावरून आचाऱ्याशी दोनदा वाजलं! सव्वादहानंतर ट्रे बदलत नाही, लहान भांड्यात काढतो.

ट्रिपची बस आली की मात्र चिठ्ठ्यांचा अजूनही गोंधळ होतो.