ईस्टरची तारीख काढताना या चुका टाळा

नियम सगळ्यांना पाठ असतो: वसंत संपातानंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. पण हाच नियम घेऊन 2019 ची तारीख काढायला बसलात तर चुकाल. मीही चुकलो होतो.

त्या वर्षी 20 मार्चला जागतिक प्रमाणवेळेनुसार रात्री 9 वाजून 58 मिनिटांनी वसंत संपात झाला. पुढच्या चार तासांच्या आतच, 21 मार्चला पहाटे 1 वाजून 43 मिनिटांनी पौर्णिमा आली. म्हणजे संपात आधी, पौर्णिमा नंतर. नियमाप्रमाणे ईस्टर 24 मार्चला हवा होता, पण साजरा झाला 21 एप्रिलला, तब्बल चार आठवडे उशिरा.

गफलत अशी की आपण आकाशातला संपात आणि आकाशातली पौर्णिमा धरतो. चर्च यातलं काहीच धरत नाही. त्यांच्या हिशेबात संपात कायम 21 मार्चलाच असतो, मग सूर्य विषुववृत्तावर कधी का येईना. पौर्णिमाही दुर्बिणीतून नव्हे, तर कोष्टकातून येते. 2019 मध्ये त्या कोष्टकातली पौर्णिमा 20 मार्चला पडली, म्हणजे 21 मार्चच्या एक दिवस आधी. ती बाद झाली आणि पुढची, 18 एप्रिलची, धरावी लागली. तो गुरुवार होता, म्हणून ईस्टर 21 तारखेच्या रविवारी.

हा हट्ट वाटेल, पण त्यामागे व्यवहार आहे. पौर्णिमेचा क्षण जगभर एकच असला तरी तारीख एक नसते. 2019 ची तीच पौर्णिमा लंडनमध्ये 21 मार्चची होती, न्यूयॉर्कमध्ये मात्र 20 मार्चच्या रात्रीची. सगळ्यांनी एकाच दिवशी सण करायचा तर आकाशापेक्षा कोष्टक बरं.

ते कोष्टक 19 वर्षांच्या चक्रावर उभं आहे, कारण 19 सौर वर्षांत जवळजवळ बरोबर 235 चांद्रमास बसतात. त्यामुळे 1900 ते 2199 या काळासाठी हिशेब हातानेही होतो. वर्षाला 19 ने भागा आणि बाकी घ्या. बाकीला 19 ने गुणा, 24 मिळवा आणि येणाऱ्या संख्येला 30 ने भागा. आता जी बाकी उरेल, तितके दिवस 21 मार्चच्या पुढे मोजा, की चर्चची पौर्णिमा मिळते. 2026 घ्या: बाकी 12. बारा एकोणीसे 228, अधिक 24 म्हणजे 252, आणि 30 ने भागल्यावर उरले 12. 21 मार्चनंतर बारा दिवसांनी 2 एप्रिल, गुरुवार. ईस्टर 5 एप्रिलला.

इथे एक खाच आहे. शेवटी 29 उरले तर 28 धरायचे. 28 उरले आणि पहिली बाकी 10 पेक्षा मोठी असेल, तर 27 धरायचे. 2019 मध्ये नेमके 29 उरतात. हा बदल विसरलात तर पौर्णिमा 19 एप्रिलला येते. त्या वर्षी ते खपून गेलं असतं, कारण रविवार तोच राहतो. पण 2076 मध्ये नाही: तेव्हा पौर्णिमा शनिवारी, 18 एप्रिलला आहे आणि ईस्टर 19 तारखेच्या रविवारी; बदल विसरलात तर तो 26 एप्रिलला जातो.

आणि पौर्णिमाच रविवारी आली तर? ‘नंतरचा’ हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. ईस्टर पुढच्या रविवारी. 2025 मध्ये पौर्णिमा 13 एप्रिलला, रविवारी होती, म्हणून ईस्टर 20 तारखेला झाला. 2038 मध्ये याच कारणाने तो 25 एप्रिलपर्यंत ढकलला जाईल. त्याहून उशिरा तो जाऊच शकत नाही, आणि 22 मार्चच्या आधीही येत नाही. उत्तर या दोन तारखांच्या बाहेर पडलं तर हिशेब पहिल्यापासून करा.

उत्तर नेमकं एक आठवडा अलीकडचं आलं, तर बहुधा रविवारच्या पौर्णिमेची चूक असते. चार-पाच आठवड्यांचा फरक आला तर संशय 21 मार्चवर घ्यायचा. मात्र तपासायला घेतलेलं कॅलेंडर ऑर्थोडॉक्स चर्चचं नाही ना, हे आधी बघा. ती मंडळी ज्युलियन पंचांग वापरतात. त्यांचा 21 मार्च सध्या आपल्या 3 एप्रिलला येतो, आणि त्यांची कोष्टकातली पौर्णिमा खऱ्या पौर्णिमेच्या काही दिवस मागे रेंगाळते. 2024 मध्ये पाश्चात्त्य चर्चचा ईस्टर 31 मार्चला झाला. ऑर्थोडॉक्स कोष्टकात पौर्णिमा 28 एप्रिलला होती, खरी होऊन चारेक दिवस उलटले असताना. त्यात तो दिवस रविवार निघाला, म्हणून त्यांचा ईस्टर 5 मे रोजी.